प्रथमोपचारावरचं अर्ध्या तासाचं व्याख्यान : स्लाइडचा आराखडा कसा करावा

(गणेश मंडळं, गृहनिर्माण सोसायट्या आणि स्वयंसेवक गटांसाठी)

गणेशोत्सव जवळ आला की कार्यकर्त्यांना प्रथमोपचार शिकवण्यासाठी स्लाइड करून घ्यायला मंडळं आमच्याकडे येतात. सोबत बहुतेक वेळा कुणीतरी पाठवलेली साठ-सत्तर पानांची पीडीएफ असते आणि ‘यातलंच सगळं घ्या’ असा आग्रह असतो. अर्ध्या तासात ते मावत नाही. म्हणून स्लाइड करायला टाकण्याआधी आराखडा कागदावर कसा मांडायचा, ते इथे सांगतो आहोत.

आधी मिनिटं वाटा

समोर मंडपातले चाळीस कार्यकर्ते आहेत असं धरा. त्यांच्यापुढे प्रत्यक्षात काय येऊ शकतं? मिरवणुकीत एखादे काका अचानक कोसळतात. काचेनं किंवा पत्र्यानं हात कापतो. प्रसादाच्या कढईतलं तेल अंगावर उडतं. गर्दीत कुणाला फिट येते. एवढे चारच विषय घ्या. साप, विंचू, मोडलेलं हाड, मधुमेह हे दुसऱ्या सत्रासाठी ठेवा. चार गोष्टी नीट हातात बसल्या, तर त्या रस्त्यावर आठवतात.

वाटणी अशी करता येते. पहिली तीन मिनिटं स्वतःची सुरक्षितता आणि १०८ला फोन. पुढची दहा मिनिटं छाती दाबणं, म्हणजे सीपीआर. रक्तस्रावाला पाच, भाजण्याला चार, फिटला तीन आणि शेवटची पाच मिनिटं प्रश्नांना. सीपीआरला एकतृतीयांश वेळ देण्याचं कारण म्हणजे ही गोष्ट ऐकून येत नाही, हातानं करूनच येते.

या हिशेबात दहा स्लाइड बसतात: नावाची एक, सुरक्षितता आणि फोनची एक, सीपीआरच्या तीन, रक्तस्रावाच्या दोन, भाजणं आणि फिट यांची एकेक, आणि शेवटची एक. बाराच्या वर गेलात तर वक्ता वाचत सुटतो आणि सराव कापला जातो.

शीर्षकात कृती लिहा

‘रक्तस्राव : प्रकार व कारणे’ असं शीर्षक दिलं की खाली धमनी, शीर, केशवाहिनी असे मुद्दे येत जातात आणि वक्त्याची तीन मिनिटं त्यातच जातात. कार्यकर्त्याला मात्र हात कुठे ठेवायचा तेवढंच हवं असतं. म्हणून शीर्षकच ‘जखमेवर दाबा, सोडू नका’ असं करा. खाली तीन ओळी पुरतात: स्वच्छ कापड ठेवून तळहातानं जोरात दाबा, दहा मिनिटं उचलून बघू नका, कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

‘दहा मिनिटं उचलू नका’ ही ओळ मोठ्या अक्षरात हवी. चूक नेमकी तिथेच होते: दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का’ बघितलं जातं आणि धरत आलेली गुठळी निघते. रक्तस्रावाची दुसरी स्लाइड फक्त एका चित्राची ठेवा. जखमेत काच रुतली आहे आणि दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना दाबताहेत. शीर्षक ‘रुतलेली काच उपसू नका’. हातमोजे घालायचे, १०८ला फोन दुसऱ्याला करायला सांगायचा, या गोष्टी वक्त्यानं तोंडी सांगायच्या. त्या स्लाइडखालच्या टिपांच्या जागेत लिहून ठेवा.

सीपीआरच्या तीन स्लाइड

पहिली ओळखण्याची. खांदे थोपटून मोठ्यानं हाक मारा, श्वास बघा, त्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका. इथे एक वाक्य हवंच: अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास म्हणजे श्वास चालू आहे असं समजू नका. या आचक्यांना फसून लोक वाट बघत बसतात आणि मोलाची मिनिटं जातात.

दुसरी स्लाइड कृतीची. माणूस कडक जमिनीवर उताणा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतकं दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. चित्र बाजूनं काढलेलं घ्या. वरून काढलेल्या चित्रात कोपरं सरळ आहेत की वाकलेली, ते कळत नाही.

तिसऱ्या स्लाइडवर एकच शब्द : ‘सराव’. चौघांचा एक गट, गटाला एक घट्ट उशी, प्रत्येकाला एक मिनिट. दहा गट एकदम बसले की चार-साडेचार मिनिटांत चाळीसही जणांचे हात चालून होतात. मोबाइलवरचा मेट्रोनोम ११० वर लावून माइकजवळ धरा. जित्या माणसाच्या छातीवर सराव करू देऊ नका, इजा होते. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, हे याच वेळी सांगा, कारण दमणं त्यांना तेव्हा नुकतंच जाणवलेलं असतं.

विसर्जन घाटावर थांबणाऱ्यांसाठी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. बुडालेल्या माणसाला छाती दाबण्याबरोबर तोंडानं श्वास देणंही महत्त्वाचं असतं आणि ते पुतळ्यावर शिकल्याशिवाय येत नाही. त्या कार्यकर्त्यांसाठी वेगळं प्रशिक्षण ठेवा.

गैरसमज कुठे घालायचे

गैरसमजांची वेगळी स्लाइड करू नका. ज्याचा त्याचा गैरसमज ज्याच्या त्याच्या स्लाइडवर, योग्य कृतीच्या खाली, लहान अक्षरात. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी, सूज येण्याआधी अंगठी-बांगड्या काढणं. त्याखाली ‘टूथपेस्ट, हळद, बर्फ नको’. फिटमध्ये आजूबाजूचं सामान दूर, डोक्याखाली मऊ काही, घड्याळाकडे लक्ष, झटके थांबले की कुशीवर, त्याखाली ‘कांदा, चप्पल, किल्ल्या नको, तोंडात काही घालू नका’. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८. चुकीची गोष्ट मोठी छापली तर मागच्या रांगेला तेवढीच दिसते आणि तीच लक्षात राहते.

शेवटची स्लाइड

‘धन्यवाद’ लिहिलेली स्लाइड नको. प्रश्नोत्तरांची पाचही मिनिटं पडद्यावर राहते ती हीच, आणि लोक मोबाइलवर फोटो काढतात तो हिचाच. तिच्यावर १०८, रुग्णवाहिकेला सांगायचा मंडपाचा पत्ता व जवळची ओळखीची खूण, रुग्णवाहिका आत येईल तो रस्ता आणि प्रथमोपचार पेटी कुणाकडे आहे, एवढं द्या. मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद असतात. त्यामुळे आत येण्याचा रस्ता पोलीस चौकीत विचारूनच लिहा.

आमच्याकडे देताना

पॉवरपॉइंट येत असेल तर `View` मध्ये `Outline View` उघडून नुसती शीर्षकं टाइप करा. `Enter` दाबलं की नवी स्लाइड येते, `Tab` दाबलं की तीच ओळ आधीच्या स्लाइडचा मुद्दा होते. रंग आणि चित्रं आम्ही बघू. मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल सभागृहातल्या दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून आम्ही तयार स्लाइडसोबत पीडीएफही देतो.

वैद्यकीय मजकुरावर एखाद्या डॉक्टरांची किंवा प्रशिक्षित प्रथमोपचारकाची नजर फिरू द्या आणि त्यांनी तपासलेली प्रतच आम्हाला पाठवा. त्यानंतर एखादा आकडा बदलायचा असेल तर तोही त्यांच्याकडूनच कळवा. आम्ही आमच्या मनानं एकही आकडा बदलत नाही.