पक्ष्यांची इष्टतम अंडीसंख्या

मादीने एका विणीसाठी घरट्यात घातलेल्या अंड्यांची संख्या म्हणजे त्या विणीची अंडीसंख्या. ज्या संख्येमुळे तिची आयुष्यभरात सर्वांत जास्त पिल्ले मोठी होऊन स्वतः विणीला लागतात, ती इष्टतम अंडीसंख्या. व्याख्येतला ‘आयुष्यभरात’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एकाच हंगामाचा हिशोब मांडला तर उत्तर वेगळे येते.

मुंबईत इमारतीच्या सज्ज्यावर पारव्याची दोन अंडी दिसतात. शिंजिराच्या लोंबत्या घरट्यात बहुधा दोन, चिमणीच्या घरट्यात चार-पाच आणि पावसाळ्याआधी काड्या व तारांचे घरटे रचणाऱ्या कावळीच्या घरट्यात साधारण चार असतात. यापेक्षा जास्त अंडी घालण्याची ताकद शरीरात नसते म्हणून ही मर्यादा पडते, असे मात्र नाही. अमेरिकेतील फ्लिकर या सुतार पक्ष्याच्या घरट्यातून एकोणिसाव्या शतकात एका निरीक्षकाने अंडी काढून घेणे चालू ठेवले, तेव्हा त्या मादीने 73 दिवसांत 71 अंडी घातली. एरवी ती सहा-आठ अंड्यांवर थांबते. घालता येतात त्यापेक्षा कमी अंडी पक्षी का घालतात, हाच या विषयाचा गाभा आहे.

1947 मध्ये डेव्हिड लॅक या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने पहिले नेमके उत्तर दिले. पालक जितक्या पिल्लांना सरासरीने पुरेसे खाऊ घालू शकतात, तितकीच अंडी घातली जातात, असे त्याचे म्हणणे होते. पिल्लांची संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा घास घटतो, त्यांची वजने कमी भरतात आणि घरटे सोडल्यावर ती लवकर मरतात. त्यामुळे एका संख्येपुढे आणखी अंडी घालून वाचणारी पिल्ले वाढत नाहीत, उलट कमी होतात. त्या संख्येला ‘लॅक संख्या’ म्हणतात.

ही कल्पना ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यावर बारकाईने तपासली गेली. तिथे लाकडी पेट्यांतली घरटी वर्षानुवर्षे मोजली गेली होती. मार्क बॉइस आणि क्रिस्टोफर पेरिन्स यांनी 1987 मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार सरासरी अंडीसंख्या साडेआठच्या आसपास होती, पण सर्वांत जास्त पिल्ले जगवण्याच्या दृष्टीने 12 अंडी फायद्याची ठरत होती. म्हणजे पक्षी लॅक संख्येच्या बरेच अलीकडे थांबत होते. त्या दोघांनी याचा संबंध वाईट वर्षांशी जोडला: अन्न कमी पडलेल्या वर्षी मोठ्या विणी सर्वांत जास्त मार खातात. दुसरे स्पष्टीकरण पालकाच्या जिवाचे आहे. या वर्षी जास्त पिल्ले वाढवून मादी पुढच्या वर्षापर्यंत जगलीच नाही, तर तिच्या पुढच्या सगळ्या विणी बुडतात. हा विचार जॉर्ज विल्यम्स यांनी 1966 मध्ये पुढे आणला आणि 1974 मध्ये एरिक चार्नोव्ह व जॉन क्रेब्ज यांनी त्याला गणिती रूप दिले.

गणित सोपे आहे. मादीच्या जागी पुढच्या हंगामात किती माद्या उभ्या राहतात, ते मोजायचे. वाचलेल्या पिल्लांपैकी निम्म्या माद्या धरायच्या आणि त्यात आई स्वतः जगण्याची शक्यता मिळवायची. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. पाच अंड्यांच्या विणीतले प्रत्येक पिल्लू पुढच्या हंगामापर्यंत जगण्याची शक्यता 0.27 आहे असे मानू. मग सरासरी 1.35 पिल्ले वाचतील, त्यांतल्या माद्या 0.675. आई जगण्याची शक्यता 0.46 असेल, तर बेरीज 1.135 होते. सात अंडी घातली तर प्रत्येक पिल्लाची शक्यता 0.21 वर उतरते, तरी सरासरी 1.47 पिल्ले वाचतात, म्हणजे माद्या 0.735. पण आईची शक्यता 0.33 इतकीच उरते आणि बेरीज 1.065 येते. नुसती पिल्ले मोजली तर सात अंडी सरस ठरतात. आईला हिशोबात घेतले की पाच. पालकाचा मृत्यू अंड्यांच्या संख्येबरोबर वाढत असेल तर इष्टतम संख्या लॅक संख्येच्या खालीच राहते.

प्रत्यक्षात मृत्यू तसा वाढतो का, हे नुसती घरटी पाहून कळत नाही. अंडीसंख्या आणि मादीचे पुढच्या वर्षीचे जगणे यांचा नैसर्गिक संबंध पाहिला तर अनेकदा जास्त अंडी घालणाऱ्या माद्याच जास्त जगलेल्या दिसतात. मुंबईत ज्याचे घर मोठे, त्याची गाडीही बहुधा मोठी असते. म्हणून घरावर केलेला खर्च गाडीच्या खर्चातून वजा होत नाही असे ठरत नाही, फक्त त्याची मिळकत जास्त असते. तसेच चांगली जागा आणि चांगली तब्येत असलेली मादी दोन्ही बाबतींत पुढे असते. म्हणून अभ्यासक प्रयोग करतात: पिल्ले अंड्यांतून बाहेर आल्यावर काही दिवसांतच एका घरट्यातली पिल्ले दुसऱ्यात हलवतात. कोणत्या घरट्यात वाढ करायची आणि कोणत्यात घट, हे नशिबावर सोडतात, पालकांच्या पायांत वाळी घालतात आणि पुढच्या हंगामापर्यंत माग ठेवतात.

नेदरलँड्समध्ये सर्ज दान आणि सहकाऱ्यांनी केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्यावर हे केले. हिवाळ्यात हा पक्षी मुंबईच्या आसपासच्या माळांवरही येतो. दोन पिल्ले जास्त वाढवलेल्या ज्या पालकांच्या मृत्यूची नोंद झाली, त्यांतले 60 टक्के पहिला हिवाळा संपण्याआधीच मेलेले होते. पिल्ले तितकीच ठेवलेल्या किंवा कमी केलेल्या पालकांत हे प्रमाण 29 टक्के होते. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचे बळ असे की त्यात मेलेले सापडलेले पक्षी मोजले होते. इतर बऱ्याच अभ्यासांत ‘परत दिसला नाही’ म्हणजे ‘मेला’ असे धरावे लागते, आणि पक्षी फक्त दुसऱ्या जंगलात गेला असण्याची शक्यता उरते.

सर्वच प्रयोगांत असा परिणाम दिसलेला नाही, आणि त्याचे एक कारण प्रयोगाच्या रचनेतच आहे. घरट्यात जास्तीची पिल्ले आणून ठेवली की मादीला ती ‘फुकट’ मिळतात. अंडी तयार करण्याचा आणि उबवण्याचा खर्च तिने केलेलाच नसतो. मार्सेल विसर आणि केट लेसेल्स यांनी 2001 मध्ये ग्रेट टिटच्या माद्यांचे तीन गट करून हे उघड केले. एका गटाला जास्तीची पिल्ले दिली, दुसऱ्याला उबवायला जास्तीची अंडी दिली, तिसऱ्याला ती अंडी स्वतः घालायला लावली. खर्चाचा जितका जास्त भाग मादीवर पडला, तितका तिचा एकूण लाभ घटला, आणि फरक मुख्यतः माद्यांच्या जगण्यात होता.

हा भार दोन्ही पालकांवर सारखा पडतोच असे नाही. मुंबईपलीकडे किहीमला सालिम अली यांनी 1930 मध्ये सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादीने ते स्वीकारले की पुरे करतो आणि लगेच दुसरे घेऊन दुसरी मादी मिळवू पाहतो. उबवणे मादीकडे आणि भरवणेही मुख्यतः तिच्याकडेच. अशा पक्ष्यात इष्टतम संख्या मादी आणि नर यांच्यासाठी वेगळी असू शकते: जास्तीच्या पिल्लाची किंमत ती मोजते, लाभ मात्र दोघांना होतो.

मुंबईत एप्रिल-मेपासून कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तेव्हा कावळ्यांवर परकी पिल्ले वाढवण्याचा भार आपोआप पडतो. हा तयार प्रयोग समजून त्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. कोकिळा घरटी नशिबाने निवडते असे मानता येत नाही, आणि कोकिळेच्या पिल्लांमुळे कावळ्याची स्वतःची पिल्ले घटली, तर एकूण भार वाढलेला नसतोही. उत्तर हवे असेल तर कोकिळेची पिल्ले असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही घरट्यांतल्या कावळ्यांना वाळी घालून ते पुढच्या मे महिन्यात परततात का ते पाहावे लागते, आणि प्रत्येक घरट्यात प्रत्यक्ष किती तोंडे भरवली गेली तेही मोजावे लागते.