‘तपासणे’ऐवजी ‘तपासणीची कार्यवाही’

“क्रियापदाचं नाम केलं की कार्यालयीन मजकूर आपोआप नेमका होतो ना?”

आपोआप नाही. हे वाक्य पाहा: ‘अर्जांच्या तपासणीची कार्यवाही करण्यात येईल.’ मूळ क्रिया एकच, तपासणे. तिची झाली तपासणी, तपासणीची कार्यवाही, आणि क्रियापद म्हणून उरलं निर्जीव ‘करण्यात येईल’. या खटाटोपात कर्ता गळाला. कोण तपासणार, कधीपर्यंत? लिहिणाऱ्याला बहुधा तेच सोयीचं असतं. ‘तलाठी अर्ज सात दिवसांत तपासतील’ म्हटलं की जबाबदारी एका माणसावर येते.

पण म्हणून नामं सरसकट खोडू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘हस्तांतरण’ची व्याख्या कलम ५ मध्ये दिली आहे. विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल, बक्षीस हे प्रकार पुढे वेगवेगळ्या कलमांत येतात. नाम असल्यामुळेच त्याची व्याख्या बांधता येते, पुढच्या कलमांतून त्याकडे बोट दाखवता येतं. तिथे दर वेळी ‘मालमत्ता दुसऱ्याला देणे’ लिहिलं तर वकिलांची चंगळ!

मसुदा तपासताना ‘करणे’, ‘येणे’, ‘होणे’ यांच्या आधीच्या नामाचं क्रियापद करून बघा. अर्थ तसाच राहून कर्ता परत आला, तर ते नाम फुकटचं होतं.