चांदणीचं चक्र: फिरण्याआधी थांबायला शिकलेली यंत्रणा

जिनिव्हा यंत्रणेवर टप्प्याटप्प्याने फिरणारा टेबल थ्री-डी प्रिंट करणारे बहुतेक जण आधी चालकाची पिन आणि चक्राची खाच यांच्यातला ढिलेपणा मोजतात. या यंत्रणेचा इतिहास पाहिला की लक्षात येतं, मोजायची जागा दुसरीच आहे.

जिनिव्हा यंत्रणा मुळात फिरवण्यासाठी नव्हे, तर थांबवण्यासाठी वापरात आली. किल्लीच्या घड्याळात स्प्रिंग पूर्ण आवळली की जोर फार, सैल झाली की फार कमी. म्हणून स्प्रिंगच्या डब्यावर छोटं चांदणीसारखं चक्र बसवत आणि किल्लीच्या दांड्यावरचं एक बोट प्रत्येक फेऱ्याला ते एका घराने पुढे सरकवत असे. चक्राचा एक पाय मुद्दाम फुगीर ठेवलेला असे. तो समोर आला की पुढे फिरणं बंद. मधले, समान जोराचे फेरेच वापरात राहत. बाकीच्या पायांना मात्र आत वळलेली कमान असे आणि तिच्यात दांड्यावरची चकती बसून चक्र जागेवर धरून ठेवी.

सिनेमाने तो फुगीर पाय काढून टाकला. 1896 मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट पॉल यांनी प्रोजेक्टरमध्ये सात टोकांचं चक्र वापरलं आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये ऑस्कर मेस्टर यांनी चार खाचांचं. पुढे 35 मिमी फिल्मसाठी चार खाचा रूढ झाल्या. सोळा दात्यांचं चाक पाव फेरा फिरलं की चार छिद्रं, म्हणजे बरोबर एक चित्र, पुढे जातं. चित्र पडद्यावर असताना फिल्म हलता कामा नये, म्हणून तिथेही खरं काम कमानीचंच होतं.

आता सहा थांब्यांचा टेबल काढू. दोन केंद्रांमधलं अंतर C = 60 मिमी. पिन खाचेत शिरताना खाचेची दिशा आणि पिनची वाट एकाच रेषेत हवी, नाहीतर शिरतानाच ठोका बसतो. ही एकच अट बाकी मापं ठरवते:

```
a = C·sin(180°/n) = 30 मिमी
b = C·cos(180°/n) = 51.96 मिमी
```

`n` म्हणजे थांबे, `a` म्हणजे चालकाच्या केंद्रापासून पिनचं अंतर, `b` चक्राची त्रिज्या. पिन सर्वांत खोल जाते तेव्हा चक्राच्या केंद्रापासून 60 − 30 = 30 मिमीवर असते. 6 मिमी व्यासाच्या पिनसाठी खाच 27 मिमीच्याही थोडी आत न्यावी लागते. चक्र हलतं तेव्हा चालक 120° फिरतो, उरलेल्या 240° मध्ये चक्र स्थिर. चक्र हलत असताना खाचेचे ओठ चालकाच्या केंद्रापासून 8 मिमीवर येतात, म्हणून धरणाऱ्या चकतीला तिथे कापलेली जागा लागते आणि चालकाचा दांडा त्या पातळीत त्याहून बारीकच हवा. हे पहिल्या आराखड्यात हमखास विसरतं.

चकतीची त्रिज्या 24 मिमी धरली आणि कमान 24.2 ठेवली, तर 0.2 मिमी मोकळीक राहते. कमानीची टोकं चालकाच्या केंद्रापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे 59° वर येतात. त्यामुळे चक्र 0.2 / (60 × sin 59°) रेडियन, म्हणजे सुमारे 0.22° इकडे आणि तितकंच तिकडे डुलतं. टेबलावर 100 मिमी त्रिज्येला ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 0.78 मिमी होतं. खाचेतला ढिलेपणा या आकड्यात कुठेच नाही. तो फक्त हलताना आणि पिन शिरता-निघताना जाणवतो, कारण त्या क्षणी चकतीची कापलेली बाजू समोर असते आणि एका दिशेचा आधार पिनच देते.

म्हणून चाचणी स्थिर काळाच्या मध्यावर घ्यावी. डायल गेज 100 मिमीवर लावा, दोन्ही दिशांना समान, हलका जोर द्या, फरक लिहा. मग तिप्पट जोराने तेच करा. वाढलेला भाग प्लास्टिकच्या लवण्याचा; त्याचा निम्मा पहिल्या फरकातून वजा केला की उरतो तो खऱ्या मोकळिकीचा. सहाही थांबे वेगळे मोजा. एकाच थांब्याला खेळ कमी आणि चकती घासते, तर त्या कमानीवर बहुधा प्रिंटची शिवण आली आहे; ती खाचेच्या तळाशी हलवावी. सगळ्याच थांब्यांना घासत असेल तर चकतीवरची शिवण किंवा पसरलेला पहिला थर तपासा. फाइल निर्यात करताना कमान जाड तुकड्यांची झाली तरी फिरताना हलके झटके जाणवतात.

बऱ्याच प्रोजेक्टरांत केंद्रांमधलं अंतर किंचित बदलता यावं म्हणून विकेंद्री बुश असे. प्रिंटमध्येही तो बसवावा. मात्र त्याची मर्यादा आहे. अंतर 0.15 मिमीने कमी केलं की कमानीच्या मध्यावर फक्त 0.05 मिमी जागा उरते, पण टेबलावरचा खेळ 0.78 वरून 0.44 मिमीपर्यंतच उतरतो. मोकळिकीचा तीन चतुर्थांश भाग संपवूनही निम्म्याहून जास्त डुलणं शिल्लक राहतं. त्यामुळे आधी कमान आणि चकती बारीक पॉलिश कागदाने एकमेकींना जुळवा, मगच बुश फिरवा.