वर्षभराच्या चारोळ्या आधीच लावून ठेवताना : राखीव कार्डं कशाला लागतात

आमच्याकडे येणारे बरेच कवी म्हणतात, बावन्न चारोळ्या देतो, दर गुरुवारी एकीचं कार्ड करून इन्स्टाग्रामवर टाका, झालं वर्ष. पण आम्ही साठ मागतो. 52 तारखेच्या आणि 8 राखीव. ह्या आठांचं काय करतो ते सांगायलाच हे पत्रक.

आधी तारखांचं बघू. 27 फेब्रुवारी, 1 मे ह्या तारखा हलत नाहीत, पण सणाची कार्डं गेल्या वर्षीच्या तारखेवर लावली की फसलंच. आषाढी 2025 ला 6 जुलैला होती, 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 25 जुलैला, म्हणजे वारीचं कार्ड 23 जुलैच्या गुरुवारी जातं. म्हणून पंचांग समोर ठेवूनच सणाची कार्डं आधी बसवायची, मग ऋतूची, आणि उरलेल्या गुरुवारी बाकीच्या कविता.

खरी गडबड पावसाची असते. समजा ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तुमची पावसातल्या प्रेमाची चारोळी लागलीय, मागे निळसर ढगांचा फोटो, आणि त्याच आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं हेच सगळे विचारतायत, दुकानं रिकामी करायची धावपळ चाललीय. त्या दिवशी ती ओळ वाचणाऱ्याला टोचते, कविता कितीही चांगली असली तरी. अशा वेळी आम्ही ते कार्ड काढून राखीवातलं लावतो, आणि काढलेलं फेकत नाही, पाणी ओसरल्यावर पुढच्या एखाद्या गुरुवारी घेतो. म्हणूनच दर मंगळवारी त्या आठवड्याचं कार्ड तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, ते नक्की बघा, नुसता अंगठा पाठवू नका.

राखीव चारोळी निवडणं मात्र सोपं नाही, कवी बहुतेक वेळा नको असलेल्या कविता राखीवात टाकतात, तसं करू नका प्लीज. ती मे मध्ये वाचा आणि डिसेंबर डोक्यात ठेवून परत वाचा, दोन्हीकडे चालली तरच ती राखीव. पाऊस, थंडी, मोहोर, दिवे असलं काही नको, आणि फार हसरीही नको, कारण ती नेमकी वाईट बातमीच्या दिवशी लागू शकते. कार्डाची पार्श्वभूमीही तशीच, साधा कागदी रंग, फोटो नाही. बाकी कार्डांना महिन्याप्रमाणे रंग असतात, राखीवाला तो दिला की ती दुसऱ्या महिन्यात उपरी दिसते.

आठातली पाच वापरली गेली की आम्ही फोन करतो, तेव्हा नवीन पाच द्या.

आणि एक, इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्ये पोस्ट 75 दिवसांपर्यंतच पुढे लावता येते, त्यामुळे अख्खं वर्ष एकदम तिथे चढत नाही. वर्षाचं वेळापत्रक आमच्या शीटमध्ये असतं, आणि साधारण दर दोन महिन्यांनी पुढचा टप्पा चढवतो, तेव्हाच राखीव किती उरली तेही मोजून कळवतो.