लाइन वेगवान, तरी दूरच्या सर्व्हरवरची फाइल हळू का उतरते?

स्पीड टेस्ट 200 एमबीपीएस दाखवते, पण परदेशातल्या सर्व्हरवरून 1 जीबीची एक फाइल उतरायला तासभर लागतो. अशा वेळी लाइनचा वेग आम्हीच, म्हणजे तुमच्या इंटरनेट कंपनीनेच, कुठेतरी दाबून ठेवलाय, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून हिशेबच मांडतो.

अशी फाइल सहसा टीसीपी या डेटा पोचवण्याच्या पद्धतीने येते. तिच्यात पाठवणारा सगळी फाइल एका दमात सोडत नाही. थोडा डेटा पाठवतो आणि तो पोचल्याची पावती येईल तसा पुढचा सोडतो. पावती न येता जास्तीत जास्त किती डेटा वाटेत असू शकतो, ती मर्यादा म्हणजे विंडो. घेणारा आपल्या बफरमधली, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेतली, मोकळी जागा बघून ती कळवत राहतो.

टीसीपीच्या मूळ रचनेत विंडोचा आकडा 16 बिटांचा आहे, म्हणजे जास्तीत जास्त 65,535 बाइट. समजा, `ping` मध्ये त्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायची वेळ 250 मिलिसेकंद दिसते. मग सेकंदाला चारच फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत 65,535 बाइट जातात. वेग झाला साधारण 2.1 एमबीपीएस, 1 जीबीला सुमारे 64 मिनिटं. उरलेला वेळ लाइन रिकामी असते. ती 500 एमबीपीएसची करून घेतलीत तरी हा आकडा हलणार नाही, म्हणून केवळ यासाठी मोठा प्लॅन घेऊ नका.

स्पीड टेस्टचा सर्व्हर जवळचा असतो, पावत्या काही मिलिसेकंदांत परततात, शिवाय बहुतेक टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतात. त्यामुळे तिथे ही अडचण दिसतच नाही.

200 एमबीपीएस आणि 250 मिलिसेकंद यांचा गुणाकार 6.25 एमबी होतो. लाइन भरलेली ठेवायला इतकी विंडो हवी. त्यासाठी 1992 पासून विंडोचा आकडा एका गुणकाने वाढवणारी ‘विंडो स्केलिंग’ची सोय आहे आणि आजच्या सिस्टिममध्ये ती सहसा चालूच असते. पण तिचा गुणक फक्त कनेक्शन जुळताना, पहिल्या दोन पॅकेटांत ठरतो. मधल्या एखाद्या जुन्या फायरवॉलने तो पर्याय काढून टाकला, तर पुढे सगळं 64 केबीवरच अडतं. कधी स्केलिंग चालू असतं, पण एका टोकाचा बफरच लहान ठेवलेला असतो.

दूरच्या टोकाला वेग मोजणारा `iperf3` हा प्रोग्रॅम चालू असेल, तर SERVER च्या जागी त्या सर्व्हरचा पत्ता टाकून हे दोन्ही करून बघा. पहिल्यात एक कनेक्शन उघडतं, दुसऱ्यात आठ:

```
iperf3 -c SERVER -R -t 30
iperf3 -c SERVER -R -t 30 -P 8
```

आठ कनेक्शनचा एकूण वेग एकाच्या जवळपास आठपट आला, तर लाइनमध्ये जागा आहे. प्रत्येक कनेक्शन वेगळं अडतंय. मात्र दुसऱ्या आकड्यासोबत पॅकेट गळतीही तपासावी लागते. पॅकेट हरवलं की पाठवणारा स्वतःहून हात आखडता घेतो आणि लांबच्या वाटेवर पुन्हा वेग धरायला त्याला बराच वेळ लागतो. तेव्हा बफर वाढवून उपयोग नसतो. ती गळती आमच्या बाजूला असेल, तर दुरुस्त करणं आमचं काम आहे. तक्रार करताना दोन्ही चाचण्यांचे आकडे आणि `ping` ची वेळ पाठवा.