महानगरपालिकेचा पाठ: लेखी चाचणी आणि कृतिकार्य

सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचे प्रकरण संपले की सहसा एक लेखी चाचणी होते आणि एक प्रकल्पवही मागवली जाते. महापालिकेच्या इमारतीचे छायाचित्र आणि कामांची सुबक अक्षरातील यादी असलेल्या त्या वहीलाच पुष्कळदा कृतीवर आधारित मूल्यमापन समजले जाते. माझ्या मते ती वही लेखी चाचणीच्याच घरची आहे, कारण तिच्यातील मजकूर पाठ्यपुस्तकातून उतरवता येतो आणि तो उतरवताना विद्यार्थ्याला कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही.

लेखी चाचणीतील एक साधा प्रश्न पाहू: ‘महानगरपालिकेची कोणतीही चार कामे लिहा.’ पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते आणि कचरा व्यवस्थापन असे उत्तर आले की चार गुण मिळतात. हा प्रश्न निरुपयोगी नाही. चाळीस मुलांपैकी कोणाला मूळ माहितीच नाही, हे तो एका तासिकेत दाखवतो आणि दोन शिक्षकांनी तपासला तरी गुण जवळपास सारखेच येतात. मात्र कोणती माहिती प्रस्तुत आहे हे येथे प्रश्न काढणाऱ्यानेच आधी ठरवलेले असते.

कृतिकार्यात ती निवड विद्यार्थ्याकडे जाते. सूचना अशी देता येईल: ‘शाळेपासून दोनशे मीटरच्या आत नागरिकांना त्रास देणारी एक गोष्ट शोधा, ती कोणत्या यंत्रणेच्या अखत्यारीत येते ते ठरवा आणि त्या यंत्रणेच्या कार्यालयाला पुराव्यासह अर्ज लिहा.’ सूचना सोपी वाटली तरी पुण्याच्या रस्त्यावर ती लगेच अवघड होते. बंद पडलेला पथदिवा महापालिकेच्या विद्युत विभागाकडे जातो, पण त्याच पदपथावरील उघडी पडलेली डीपी महावितरणची असते; बस वेळेवर येत नसेल तर पीएमपीएमएलला लिहावे लागते आणि चौकातील वाहतूक नियमनासाठी वाहतूक पोलिसांना. ‘दिवाबत्ती’ हा शब्द चाचणीत अचूक लिहिणारी मुलगी डीपीचा अर्ज महापौरांना लिहीत असेल, तर तिला कामांची यादी येते, अधिकारांची सीमा कळलेली नाही. लेखी उत्तरात ही उणीव दिसण्याचा मार्गच नव्हता.

अर्जाला गुण कसे द्यायचे, हे काम देण्यापूर्वी ठरवून विद्यार्थ्यांना सांगावे लागते. या कामासाठी यंत्रणेची निवड, पुरावा आणि मागणीची व्यवहार्यता हे तीन निकष पुरतात. पहिल्या निकषाची वरची पातळी म्हणजे योग्य कार्यालय सांगून ते काम त्यांचेच का, याचे कारण देणे. मधली म्हणजे कार्यालय बरोबर, पण कारण नाही. आणि खालची म्हणजे ‘मा. शासन’ अशा मोघम पत्त्यावर अर्ज लिहिणे. अक्षर आणि सजावट निकषात घेऊ नये, नाहीतर घरच्यांनी छापून दिलेला अर्ज सहज पुढे जातो.

घरची मदत ओळखण्यासाठी दोन मिनिटांचा तोंडी प्रश्न जोडणे मला अत्यावश्यक वाटते. ‘निधी नाही असे उत्तर आले, तर पुढे कोणाकडे जाल?’ असे विचारावे. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात आणि अंतिम मान्यता सर्वसाधारण सभा देते, ही साखळी ज्याला समजली आहे तो उत्तराची दिशा धरतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर पुण्याचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे होता. त्या काळात पुस्तकातील साखळी आणि प्रत्यक्ष कारभार वेगळे होते, आणि चौकशी करून आलेल्या मुलाला हा फरक सांगता आला असता.

कृतिकार्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. एका कामावरून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो, कारण ज्याला कचऱ्याच्या प्रश्नावर उत्तम अर्ज जमला त्याला पाणीपुरवठ्यावर जमेलच असे नाही. शिवाय चार जणांच्या गटाला एकच गुण दिला तर तो नेमका कोणाचा, हे कळत नाही. म्हणून पाहणी गटाने आणि अर्ज एकेकट्याने, अशी विभागणी बरी. महापौरांची निवड किंवा प्रभागांची रचना अशा घटकांसाठी कृतिकार्याची ओढाताण करू नये. तेथे लेखी प्रश्न कमी वेळात अधिक सांगतो. सहावीला आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचा भार निम्मा निम्मा असल्याने कृतिकार्य आकारिक भागात सामावते आणि संकलित चाचणी अबाधित राहते.

गुणदानातील विश्वासार्हता मात्र तपासूनच घ्यावी लागते. पहिले पाच अर्ज दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावेत आणि मग ताडून पाहावेत. मागणीच्या व्यवहार्यतेबाबत पातळ्या जुळल्या नाहीत, तर बहुधा निकषाचे वर्णनच संदिग्ध असते. ‘मागणी योग्य आहे’ याऐवजी ‘काय, कोठे आणि किती हे सांगितले आहे’ असे लिहून तेच पाच अर्ज पुन्हा तपासावेत, आणि मगच उरलेल्या अर्जांना हात घालावा.