महामार्गावर लाल दिवा लागला तर: गाडी थांबवण्याची पद्धत, मदतीसाठी पात्रता आणि कागदपत्रे

मीटरवर पिवळा दिवा लागला की गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. लाल दिव्याला तेवढी सवड नसते. तरीही लाल म्हणजे जागच्या जागी ब्रेक, असं नाही. किती वेळ हातात आहे ते चित्रावरून ठरतं. तेलाच्या किटलीचं चित्र लाल झालं तर इंजिनाला तेलाचा दाब मिळत नाही. तेव्हा मिनिटभर चालवलेलं इंजिनही जाम होऊ शकतं. बॅटरीचं चित्र लागलं तर चार्जिंग बंद पडलेलं असतं, पण गाडी सहसा काही किलोमीटर जाते. इथे आपण तापमानाचा दिवा घेऊ, म्हणजे पाण्यात बुडालेल्या थर्मामीटरचं चित्र. कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीकडे येणाऱ्या गाड्यांना हाच दिवा गाठतो.

समजा, वाडीवऱ्हे मागे टाकून तुम्ही नाशिककडे येताय. संध्याकाळ झाली आहे, वेग ताशी 80, गाडी उजव्या लेनमध्ये आणि डावीकडे ट्रकची रांग. दिवा लागला. पहिलं काम एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावायचं. उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता आत निघून जाते आणि बाजूला होण्यापुरती मुदत मिळते. मग ॲक्सिलरेटर सैल सोडा, डावा इंडिकेटर द्या, आरसा बघा आणि ट्रकांमध्ये फट मिळाली की डाव्या लेनमध्ये या. चारही इंडिकेटर एवढ्यात लावू नका. ते लागले की तुम्ही डावीकडे वळताय हे मागच्याला कळतच नाही. धो धो पावसात चालत्या गाडीचे चारही दिवे लावायची आपल्याकडची सवय याच कारणाने घातक आहे. ते लावायचे साईडपट्टीवर चाकं उतरताना, मागच्याला तुमचा वेग उतरतोय हे कळण्यासाठी.

गाडी चालू असताना चावी फिरवून इंजिन बंद करू नका. पॉवर स्टिअरिंग जड होतं, दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो आणि चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पूर्ण थांबल्यावरच बंद करा. दिवा तेलाचा असेल तर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये घरंगळत बाजूला या आणि थांबताक्षणी इंजिन बंद करा.

जागा निवडताना शंभर-दोनशे मीटर पुढे गेलेलं परवडतं. वळणाच्या लगेच पुढे किंवा चढाच्या माथ्यापलीकडे थांबलात, तर मागच्याला तुम्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. नाशिक शहरातल्या उड्डाणपुलावर साईडपट्टी मिळत नाही, त्यामुळे तिथे हळूहळू का होईना, उतारापर्यंत गाडी नेणं बरं. इंजिनाचा खर्च मागून होणाऱ्या धडकेपेक्षा स्वस्त पडतो.

थांबल्यावर पुढची चाकं डावीकडे वळवा, हॅन्डब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. मागून कोणी धडकलंच तर गाडी लेनमध्ये न जाता बाहेर जाईल. अंधारात टेललाईट चालू ठेवा.

सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरायचं, ड्रायव्हरनेही सरकून. आधी साईडपट्टीवर दोन्हीकडे बघा, कारण आपल्याकडे तिथून उलट दिशेने दुचाकी येते. मुलांचा हात धरून लोखंडी कठड्यापलीकडे जा. कठडा नसेल तर डांबरापासून जितकं लांब जाता येईल तितकं. गाडीच्या पुढे उभं राहू नका, कारण धडक बसल्यावर ती पुढेच ढकलली जाते. वाहनं ज्या बाजूने येतात त्या बाजूला, गाडीपासून काही मीटर मागे, कठड्याआड उभे राहा. गाडी आणि कठडा यांच्यामध्ये तर कुणीच थांबू नये. गाडी मधल्या दुभाजकालगत बंद पडली आणि उतरणं अशक्य असेल, तर पट्टे बांधून आत बसा, चारही दिवे लावा आणि 112 ला फोन करा. पुलावर असाल तर कठडा ओलांडू नका. पलीकडे अंधारात जमीन असेलच असं नाही.

इशाऱ्याचा त्रिकोण आता, माणसं सुरक्षित झाल्यावर. नव्या गाडीसोबत तो मिळतो आणि बहुतेकांच्या डिकीत स्टेपनीखाली पिशवीतच पडून असतो. कठड्यापलीकडेच तो उघडा, परावर्तक बाजू येणाऱ्या वाहनांकडे करून हातात धरा आणि कठड्याबाहेरून मागे चालत जा. किती मागे, याचा हिशोब सोपा आहे. ताशी 80 वेगाने येणारी कार दीड सेकंद विचारात घालवते, तेवढ्यात ती 33 मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे 40 मीटर लागतात. म्हणजे जवळपास 75 मीटर, तेही कारला. भरलेल्या ट्रकला जास्त. म्हणून इथे किमान 100 मीटर, म्हणजे साधारण 130 पावलं मोजा. ताशी 120 च्या समृद्धी महामार्गावर याच हिशोबाने सुमारे 140 मीटर होतात. तिथे कठड्याआडून जाता येत नसेल तर त्रिकोणाचा नाद सोडा आणि फोन करा.

त्रिकोण साईडपट्टीच्या लेनकडच्या कडेला ठेवा. मागे वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे न्या. ट्रकच्या वाऱ्याने तो आडवा होतो, म्हणून पायावर दगड ठेवा. परावर्तक पट्टी झाकली जाऊ नये. दगड-फांद्या रचून गाडी दुरुस्त झाली की तसेच सोडून जाणारे बरेच ट्रकवाले असतात. तुमच्यामागे येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते रात्री दिसत नाहीत.

मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा. हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा क्रमांक आहे. जखमी असल्यास 108 किंवा 112. 1033 साठी वेगळी पात्रता किंवा अर्ज लागत नाही. फक्त नीट सांगा: जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा, कुठली बाजू (नाशिककडे जाणारी की मुंबईकडे), मागे गेलेला टोलनाका (इथे घोटी), गाडीचा प्रकार आणि क्रमांक, किती माणसं. बाजू सांगायची राहिली तर क्रेन पलीकडच्या बाजूला पोचते. महामार्गाची क्रेन रस्ता मोकळा करायला असते. गॅरेजपर्यंत नेणं तिचं काम नाही.

गॅरेजपर्यंत नेण्याची सोय विमा कंपनीच्या रोडसाईड असिस्टन्समध्ये असते. ती तुमच्या पॉलिसीत असेल तरच मिळते, थर्ड पार्टी विमा असला म्हणजे मिळाली असं होत नाही. पॉलिसीच्या कागदावर जोडसुविधांच्या रकान्यात तिचं नाव, मोफत अंतर आणि हेल्पलाईन पाहून क्रमांक फोनमध्ये ठेवा. पॉलिसी क्रमांक, आरसी, चालकाचा परवाना हाताशी ठेवा, विमा आणि पीयूसीही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली परवाना आणि आरसीची प्रत ग्राह्य धरली जाते. चार्जिंग संपलेल्या फोनमधली उपयोगाची नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर फ्लॅटबेडच मागा, कारण चाकं जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्स बिघडू शकतो.

बंद गाडी वाहतुकीला अडथळा होईल अशी सोडून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 201 खाली दंड होतो आणि ओढून नेण्याचा खर्चही मालकाकडून घेतला जातो.

या वेळात रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही आणि झाकण सैल होताच ते वाफेसकट अंगावर येतं. किमान अर्धा तास थांबा, वरचा जाड पाईप फडक्याने दाबून बघा. तो कडक लागत असेल तर अजून दाब आहे. पाण्याची पातळी आधी बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीवर पाहा. टाकी रिकामी असेल, खाली ओल असेल किंवा पंखा फिरत नसेल, तर पाणी ओतून पुढे निघू नका, क्रेनची वाट पाहा.

निघताना आधी सगळ्यांना गाडीत बसवा. मग एकाने कठड्याबाहेरून जाऊन त्रिकोण आणावा आणि त्याला आत घेऊन गाडी हलेपर्यंत चारही दिवे चालूच ठेवा. साईडपट्टीवरच वेग धरा, उजवा इंडिकेटर द्या आणि ट्रकांच्या रांगेत मोठी फट मिळेल तेव्हाच लेनमध्ये शिरा.